टीथ व्हाइटनिंगच्या रीलचा व्हॉइसओव्हर: काय बोलावं आणि काय टाळावं

प्रश्न: मी नाशिकमध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी रील्स करतो. गंगापूर रोडवरच्या एका डेंटल क्लिनिकची टीथ व्हाइटनिंगची ऑफर आहे, साधारण चाळीस सेकंदांची रील हवी आहे. मॅनेजरने पाठवलेला मजकूर असा: ‘पिवळ्या दातांमुळे हसायला लाजताय? फक्त ४५ मिनिटांत मिळवा ८ शेड पांढरेशुभ्र दात! लेझर टेक्नॉलॉजी, १०० टक्के वेदनारहित, कायमस्वरूपी रिझल्ट. ८,००० ची ट्रीटमेंट फक्त ३,९९९ मध्ये. अटी लागू.’ डॉक्टर मात्र म्हणतात, वैद्यकीय बाबतीत अतिशयोक्ती नको. हे सगळं काढलं तर उरतं काय? लोक थांबून ऐकतील आणि खोटंही बोललं जाणार नाही असा व्हॉइसओव्हर कसा लिहू?

उत्तर:

मी लिहिला असता तो मजकूर आधी देतो. त्यातली प्रत्येक ओळ तशी का आहे, ते त्यानंतर सांगतो.

‘चहा, कॉफी, वाढतं वय. दातांचा रंग हळूहळू गडद होतोच.
तो उजळवता येतो का? बऱ्याच जणांचा, हो. पण आधी डॉक्टर दात तपासतात. कीड असेल, हिरड्या सुजल्या असतील, तर पहिल्यांदा त्यांचे उपचार.
मग हिरड्यांवर संरक्षक थर आणि दातांवर व्हाइटनिंग जेल. सगळं मिळून साधारण दीड तास.
रंग किती उजळेल, हे प्रत्येकाच्या दातांवर ठरतं. कॅप आणि फिलिंगचा रंग बदलत नाही. काहींना दोन-तीन दिवस थंड लागलं की सणक जाते.
तपासणी धरून चार हजार रुपये, एकतीस डिसेंबरपर्यंत. गंगापूर रोड, नाशिक.
आधी दात दाखवा. मग ठरवा.’

हे पंचाहत्तर-ऐंशी शब्द आहेत. मराठीत धाप न लागता, सेकंदाला दोन शब्दांच्या हिशेबाने वाचलं तर चाळीस सेकंदांत बसतं. तारीख मी नमुना म्हणून घातली आहे, तिथे क्लिनिकची खरी तारीख घाला. तासांचा आणि दिवसांचा आकडाही डॉक्टरांकडून पक्का करून घ्या, कारण जेल कुठल्या कंपनीचं आहे त्यावर वेळ बदलते.

मॅनेजरचा मजकूर आणि हा मजकूर यांत मूळ फरक एवढाच की तो निकालाचं वचन देतो आणि हा खुर्चीत काय होतं ते सांगतो. निकाल कोणाच्याच हातात पूर्ण नसतो. खुर्चीत काय होणार ते मात्र डॉक्टरांच्या हातात असतं, आणि ते बोलायला कोणाची भीती नाही. ‘मग उरतं काय’ असं तुम्हाला वाटतंय, कारण आपण प्रक्रिया कंटाळवाणी समजतो. ऐकणाऱ्याचं तसं नसतं. हिरड्यांचं काय करतात, किती वेळ लागतो, दुखतं का, कॅप असेल तर काय होतं, हेच प्रश्न लोक क्लिनिकच्या फोनवर विचारतात. ज्या रीलमध्ये त्यांची उत्तरं असतात, ती लोक शेवटपर्यंत ऐकतात.

आता मॅनेजरच्या एकेका दाव्याकडे येतो. सगळ्यात खोलात जाण्यासारखा आहे तो ‘८ शेड’चा.

हा आकडा कुठून येतो ते आधी समजून घ्या. डॉक्टरांकडे शेड गाइड नावाची पट्टी असते, तिला खोट्या दातांसारखे छोटे नमुने लावलेले असतात. सगळ्यात जास्त वापरात असलेल्या पट्टीवर १६ नमुने असतात. ते उजळ ते गडद असे लावले तर पहिला येतो बी१, मग ए१, बी२, डी२, ए२, सी१, सी२, डी४, मग ए३, आणि असं करत शेवटी सी४. ‘८ शेड’ म्हणजे या रांगेत उजळ टोकाकडे आठ जागा सरकणं. आता मोजून पाहा. ज्याचे दात ए३ आहेत, तो या रांगेत नवव्या जागेवर आहे. उजळ टोकाकडे आठ जागा सरकला तर तो थेट बी१ वर, म्हणजे पट्टीच्या अगदी टोकाला पोचतो. ज्याचे दात ए२ आहेत, तो आधीच पाचव्या जागेवर आहे. त्याला या पट्टीवर उजळ बाजूला सरकायला जागाच चार उरतात. त्याला आठ शेड द्यायचे ठरवले तरी या पट्टीवर देता येणार नाहीत. शिवाय या जागांमधलं अंतर सारखं नाही. दोन शेजारचे नमुने कधी जवळजवळ सारखे दिसतात, तर कधी फरक चटकन लक्षात येतो. त्यामुळे ‘आठ’ ऐकून घरी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं, त्याचा त्याच्या स्वतःच्या दातांशी काहीच संबंध नसतो.

हे मॅनेजरला असंच, पट्टी हातात धरून दाखवा. ‘दावा करू नका’ असं नुसतं सांगितलं की तो म्हणतो, शेजारचं क्लिनिक करतंय ना. पट्टीवर बोट ठेवून ए२ पासून उजळ टोकाकडे मोजायला लावलं की त्याला स्वतःलाच कळतं.

तुमच्या दृष्टीने या पट्टीचा एक उपयोगही आहे. डॉक्टर रुग्णाच्या दाताशेजारी नमुना धरून शेड बघतात तो क्षण शूट करा. खिडकीचा उजेड, ओला दात, शेजारी नमुना, डॉक्टरांची बारीक झालेली नजर. ‘रंग किती उजळेल, हे प्रत्येकाच्या दातांवर ठरतं’ या ओळीखाली तोच शॉट टाका. ओळ सावधगिरीची असली तरी चित्रामुळे ती कौशल्याची वाटते, आणि ते खरंही आहे.

इथून पुढचा मुद्दा अनेक रील करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. चित्रही दावाच असतं. तुम्ही मजकूर कितीही सांभाळून लिहिलात आणि खाली ‘आधी-नंतर’चा चुकीच्या वेळी घेतलेला शॉट टाकलात, तर आवाज खरं बोलतोय आणि पडदा खोटं.

ते कसं होतं, तर असं. व्हाइटनिंग करताना ओठ-गाल बाजूला धरायला तोंडात प्लास्टिकचा रिट्रॅक्टर बसवतात. तासभर तोंड उघडं राहतं, दात कोरडे पडतात. कोरडा पडलेला दात त्यातला ओलावा गेल्यामुळे असतो त्याहून पांढरा, थोडा खडूसारखा दिसतो. रिट्रॅक्टर काढल्याकाढल्या डॉक्टर आरसा देतात, रुग्ण खूश होतो, आणि कॅमेरेवाला नेमका तेव्हाच ‘नंतर’चा शॉट घेतो. लाळेने दात पुन्हा ओले झाले की त्यातला काही फरक उतरतो आणि रंग पूर्ण स्थिरावायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणूनच दाताच्या रंगाचं फिलिंग पुढच्या दातांत करायचं असेल, तर डॉक्टर व्हाइटनिंगनंतर साधारण दोन आठवडे थांबतात, नाहीतर फिलिंगची शेड चुकते. हीच दोन आठवड्यांची शिस्त तुम्ही कॅमेऱ्याला लावा. ‘नंतर’चा शॉट दोन आठवड्यांनी, त्याच खुर्चीत, त्याच उजेडात, त्याच वेळेला. फोनचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, ब्युटी फिल्टर बंद ठेवा, दोन्ही वेळा लिपस्टिक नको. गडद लाल लिपस्टिक लावली की दात आपोआप पांढरे वाटतात.

दोन आठवडे थांबायला वेळ नसेल तर ‘आधी-नंतर’ वगळून टाका. मी तर पहिल्या रीलसाठी वगळाच म्हणेन. हिरड्यांवर लावतात तो निळसर थर, त्यावर लाइट मारून तो घट्ट करणं, बारीक नळीतून दातावर उतरणारं जेल, हे शॉट पुरेसे बघण्यासारखे आहेत. ‘आधी-नंतर’ वापरलंत तर रुग्णाची लेखी संमती घ्या आणि फोटो नेमका कुठे वापरणार ते त्यात स्पष्ट लिहा. ‘क्लिनिकच्या नोंदीसाठी’ म्हणून घेतलेली सही इन्स्टाग्रामला चालत नाही.

‘लेझर टेक्नॉलॉजी’बद्दल डॉक्टरांना एकच सरळ प्रश्न विचारा: मशीन लेझर आहे का? बहुतेक क्लिनिकांत असतो तो निळ्या प्रकाशाचा एलईडी दिवा. त्याला लेझर म्हटलं की ते साधं खोटं विधान झालं, त्यात अतिशयोक्तीचाही प्रश्न उरत नाही. आणि खरं काम करतं ते जेल. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. क्लिनिकमध्ये वापरतात त्यात साधारण २५ ते ४० टक्के, म्हणून हिरड्या झाकाव्या लागतात. ते दाताच्या वरच्या थरातून आत झिरपतं आणि रंग देणारे घटक तोडतं. दिवा लावून आणि न लावता केलेल्या तुलनांमध्ये दिव्यामुळे टिकून राहणारा मोठा फरक पडतो असं ठोसपणे दिसलेलं नाही. म्हणून मी व्हॉइसओव्हरमध्ये दिव्याचा उल्लेखच केला नाही. शॉटमध्ये दिवा दिसला तर दिसू दे, आवाजाने त्याचं श्रेय देऊ नये.

‘४५ मिनिटां’चं असं आहे की तो आकडा बऱ्याचदा जेल दातावर असण्याचा असतो. पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन हात, किंवा वीस-वीसचे दोन, जेलच्या कंपनीनुसार. त्याआधी तपासणी, थोडी सफाई, शेड बघणं, रिट्रॅक्टर, हिरड्यांचा थर. शेवटी सगळं काढणं, चुळा. जेवणाच्या सुट्टीत पाऊण तास काढून आलेला माणूस मध्येच घड्याळ बघू लागतो आणि चिडतो. दीड तास सांगा, सव्वा तासात सुटला तर खूश होईल.

आता ‘१०० टक्के वेदनारहित’. इथे मी अजिबात सवलत देत नाही, कारण हे वाक्य बोललं की पुढच्या आठवड्यात फोन येणारच. पेरॉक्साइड दातात झिरपतं, तेव्हा काहींच्या दातांच्या आतल्या नसेला त्रास होतो. थंड पाणी लागलं की, कधी काही न लागताही, एकदम सणक जाते. ती बहुतेकांची काही दिवसांत आपसूक थांबते. डॉक्टर पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट किंवा फ्लोराइड देतात. कधी हिरडीच्या कडेला जेल लागलं तर तो भाग पांढरट होऊन चुरचुरतो, तोही सहसा दोन-तीन दिवसांत बरा होतो. म्हणजे गोष्ट साधारणतः किरकोळ आणि तात्पुरती आहे. ज्याला हे आधी सांगितलंय तो सणक गेल्यावर म्हणतो, ‘हां, डॉक्टर म्हणालेच होते.’ ज्याला वेदनारहित सांगितलंय तो रात्री अकराला फोन करतो आणि दुसऱ्या दिवशी गुगलवर एक तारा देतो.

‘सेन्सिटिव्हिटी होऊ शकते’ असं मी लिहिलं नाही. तो शब्द पेस्टच्या जाहिरातींनी इतका गुळगुळीत केलाय की कानाला लागतच नाही. ‘थंड लागलं की सणक जाते’ हे नाशिकरोडच्या काकूंना आणि कॉलेज रोडच्या पोराला एकाच वेळी कळतं, कारण दोघांनाही ते कधी ना कधी झालेलं आहे.

‘कायमस्वरूपी’ तर सरळ काढूनच टाका, त्याला पर्यायी शब्दही शोधू नका. उजळलेला रंग किती टिकतो ते माणसाच्या सवयींवर असतं. दिवसातून पाच चहा, तंबाखू, मिश्री, किंवा आपल्या नाशिकची रेड वाइन, हे चालू राहिलं की रंग पुन्हा चढतो. कोणाचा काही महिन्यांत, कोणाचा वर्ष-दोन वर्षांनी. हे सगळं चाळीस सेकंदांत बसत नाही, म्हणून कॅप्शनमध्ये लिहा. तिथेच हेही लिहा की पहिले दोन दिवस चहा-कॉफी, हळद असलेलं जेवण, बीट, वाइन टाळायला सांगतात. लग्नाच्या आदल्या दिवशी व्हाइटनिंग करून हळदीच्या जेवणावळीत बसणाऱ्याला ही माहिती हवी असते.

तंबाखू आणि मिश्रीचा विषय निघालाच आहे तर त्यातला घोळही सांगून ठेवतो. दातांवर बाहेरून बसलेले तपकिरी-काळे डाग हे बहुधा नुसत्या सफाईने, म्हणजे स्केलिंग-पॉलिशिंगने निघतात. त्याला व्हाइटनिंग लागत नाही आणि खर्चही बराच कमी येतो. रील बघून आलेल्या अशा माणसाला डॉक्टरांनी प्रामाणिकपणे ‘तुम्हाला फक्त सफाई पुरे’ असं सांगितलं, तर तो आयुष्यभराचा पेशंट होतो. उलट बाजूला असे दात असतात ज्यांच्यावर व्हाइटनिंगचा फार उपयोग होत नाही, किंवा वेगळीच ट्रीटमेंट लागते: लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन औषधांमुळे करडे झालेले, फ्लोराइडमुळे पांढरे ठिपके पडलेले, मार लागून नस मेलेला एखादाच काळपट दात. ठिपक्यांच्या दातांमध्ये तर व्हाइटनिंगनंतर ठिपके काही दिवस जास्तच उठून दिसू शकतात. म्हणूनच माझ्या मजकुरात ‘पण आधी डॉक्टर दात तपासतात’ ही ओळ रंगाच्या प्रश्नाला लगेच चिकटून आली आहे. ती शेवटी टाकली असती तर अटींसारखी वाटली असती. आधी आली की ती सेवेचाच भाग होते.

कॅप आणि फिलिंगची ओळ मात्र आवाजातच हवी, कॅप्शनमध्ये नाही. पुढच्या दाताला सिरॅमिकची कॅप असलेला माणूस व्हाइटनिंग करून घेतो, शेजारचे दात उजळतात आणि कॅप जुन्याच रंगाची राहून वेगळी दिसू लागते. मग कॅप बदलण्याचा खर्च. हा धक्का कोणालाही बसू नये, आणि सहा-सात शब्दांत तो टाळता येतो.

पहिली ओळ. ‘हसायला लाजताय?’ हे मी काढलं त्याचं कारण असं की दाताचा मूळ रंग पांढराशुभ्र नसतोच. वरचं इनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि त्याखालचं डेंटिन पिवळसर. वयाबरोबर इनॅमल झिजतं, आतला रंग जास्त दिसतो. म्हणजे थोडा पिवळसर दात हा निरोगी असू शकतो. निरोगी गोष्टीची लाज वाटायला लावून ट्रीटमेंट विकणं मला पटत नाही, आणि डॉक्टरांनाही पटू नये. ‘चहा, कॉफी, वाढतं वय’ यात ऐकणारा स्वतःला ओळखतो, पण खजील होत नाही. पहिल्या दोन सेकंदांत कटिंगचा ग्लास ओठाला लागतोय असा जवळून शॉट घ्या, लोक थांबतील.

‘अटी लागू’ या दोन शब्दांचं काय करायचं, ते नियमातच लिहिलेलं आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात खुलाशाबद्दल स्वतंत्र भाग आहे, आणि तो आपल्या कामाला थेट लागू पडतो. दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत खुलासा हवा. खुलासा ठळक आणि वाचता येईल असा हवा. दावा व्हॉइसओव्हरमध्ये असेल तर खुलासा त्या आवाजाच्या बरोबरीने आणि त्याच वेगाने दाखवायला हवा. आणि मुख्य दाव्याच्या उलट अर्थाचा खुलासा देऊन दावा सुधारता येत नाही, म्हणजे वर ‘कायमस्वरूपी’ आणि खाली ‘रिझल्ट बदलू शकतात’ हे चालत नाही. मराठी रीलच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजीत अटी टाकणं तर पहिल्याच कसोटीवर नापास. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत.

माझा साधा मार्ग असा की खुलासा वेगळा ठेवायचाच नाही, तो मजकुरातच विणायचा. वर ‘प्रत्येकाच्या दातांवर ठरतं’, ‘रंग बदलत नाही’, ‘सणक जाते’ हे तिन्ही खुलासेच आहेत. ते बोलले जातात आणि त्याच क्षणी पडद्यावर त्याच मराठी शब्दांत येतात. सबटायटल सगळ्या ओळींना एकाच आकाराचं ठेवा, या तीन ओळींना लहान करू नका.

वाचतानाही हीच गोष्ट सांभाळा. आवाज देणारा माणूस सावधगिरीच्या वाक्याला नकळत आवाज खाली आणतो आणि वेग वाढवतो. कान लगेच ओळखतो की इथे काहीतरी झाकतायत. ‘कॅप आणि फिलिंगचा रंग बदलत नाही’ हे ‘दातांवर व्हाइटनिंग जेल’ ज्या सुरात आणि ज्या गतीने वाचलं त्याच सुरात वाचा, आणि त्याआधी अर्धा श्वास थांबा. संगीत तिथे वाढवू नका. रेकॉर्डिंग क्लिनिकमध्ये करू नका. कॉम्प्रेसर आणि सक्शनचा आवाज दाराआडूनही येतो आणि तो आवाज ऐकून लोकांना ड्रिलच आठवतं. घरी कपड्यांच्या कपाटाजवळ, पंखा बंद करून, वायरच्या साध्या माइकवर चांगलं होतं.

किमतीत मी दोन बदल केलेत. ‘तीन हजार नऊशे नव्व्याण्णव’ बोलायला तीनेक सेकंद जातात आणि जीभ अडखळते. ‘चार हजार’ एका सेकंदात संपतं. एका रुपयाने काही फरक पडत नाही, डॉक्टर तयार होतील. दुसरं, ‘८,००० ची ट्रीटमेंट’ काढली. ते वाक्य तेव्हाच खरं, जेव्हा त्याच क्लिनिकने तीच ट्रीटमेंट त्याआधी खरोखर आठ हजारांना केलेली असते आणि पावत्या दाखवता येतात. फलकावर नुसता फुगवलेला आकडा लिहून तो खोडणं म्हणजे दिशाभूलच. त्याऐवजी चार हजारांत काय काय येतं ते सांगा. तपासणी धरून की वेगळी, सफाई लागली तर तिचे पैसे वेगळे का, हे फोनवर पहिल्यांदा विचारलं जातं.

इथे एक गोष्ट तुमच्या हातातली नाही, डॉक्टरांच्या हातातली आहे. दंतवैद्यांच्या २०१४ च्या सुधारित आचारसंहितेत जाहिरात करून रुग्ण ओढण्यावर बंधनं आहेत. तुमच्यावर ती लागू नाहीत, पण रील त्यांच्या नावाने जाते आणि तक्रार झाली तर नोंदणी त्यांची आहे. ऑफरची रील टाकण्याआधी त्यांनी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडून किंवा आपल्या सल्लागाराकडून विचारून घ्यावं, असं त्यांना स्पष्ट सांगा. ‘नाशिकमधलं नंबर वन’, ‘सर्वोत्तम’, दुसऱ्या क्लिनिकशी तुलना, ही वाक्यं मॅनेजर नंतर घुसवायला बघेल. ती कुठल्याही परिस्थितीत नकोत. आणि शेवटचा मजकूर मॅनेजरने पास केला म्हणजे झालं असं समजू नका. डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर प्रत्येक ओळ पाठवा आणि ‘वाचलं, बरोबर आहे’ असं त्यांच्याच नंबरवरून लेखी येऊ दे.

रील तयार झाली की एक चाचणी करा. क्लिनिकशी संबंध नसलेल्या दोघा-तिघांना ती ऐकवा आणि एकच विचारा: ‘हे करून आल्यावर तुझे दात कसे दिसतील असं वाटतंय?’ उत्तर ‘पांढरेशुभ्र’ आलं, तर शब्द बरोबर असूनही कुठलं तरी चित्र किंवा संगीत जास्त बोलतंय. उत्तर ‘थोडे उजळतील बहुतेक, पण आधी दाखवावे लागतील’ असं आलं, तर रील टाका.

टाकल्यावर कमेंटमध्ये ‘माझे किती पांढरे होतील?’ असा प्रश्न हमखास येतो, सोबत दातांचा फोटो. रिसेप्शनवरच्या मुलीला आधीच सांगून ठेवा की फोटो बघून आकडा द्यायचा नाही, ‘दात बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, तपासायला या’ एवढंच. मजकुरात टाळलेला दावा कमेंटमध्ये परत आला तर तोही क्लिनिकचाच. कोणी गरोदर असल्याचं, बाळाला अंगावर पाजत असल्याचं, किंवा मुलगा सोळा वर्षांचा असल्याचं लिहिलं, तर सहसा व्हाइटनिंग पुढे ढकलतात, त्यामुळे थेट अपॉइंटमेंट न देता प्रश्न डॉक्टरांकडे पाठवायचा.

आणि रेकॉर्ड करताना किमतीची-तारखेची ओळ वेगळ्या टेकमध्ये घ्या, तिच्या आधी-नंतर थोडी शांतता ठेवून. रील ऑफर संपल्यावरही फिरत राहते आणि फेब्रुवारीत कोणी तरी चार हजार घेऊन येतं. एकदा टाकलेल्या रीलचा आवाज बदलता येत नाही. म्हणून ३१ डिसेंबरला रात्री जुनी रील अर्काइव्ह करा आणि किमतीची ओळ काढलेला, बाकी तसाच असलेला कट दुसऱ्या दिवशी टाका.